भाताची स्लाइड

धनश्री गर्जेला हॉस्टेलात धनश्री म्हणून कुणी हाकच मारत नव्हतं. तिचं नाव पडलं होतं पेपरवाली. आता हे नाव काही चांगलं नव्हे, ऐकणाऱ्याला वाटावं की पोरगी पेपर फोडते की काय. पण पोरींना त्याचं काय! परीक्षा जवळ आली की सगळ्या हॉस्टेलातल्या पोरी हातात मोबाईल घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभ्या, आणि ही बया खाटेवर मांडी घालून देवऋषिणीसारखी बसलेली.

कॉलेज म्हणजे कृषी पदविकेचं. श्रीरामपूरहून बस पकडली की उसाच्या फडांमधून अर्ध्या तासावर. धनश्री पाथर्डीकडची. आईबाप दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कोल्हापूरकडं ऊसतोडीला जायचे, तसे यंदाही गेले होते. जाताना आई सरळ बोलून गेली होती की शिकतीयस तोवर शीक, पण वरीस वाया गेलं तर फी माफी बी गेली आन् हॉस्टेल बी गेलं, मग तुझा कोयता घरी तयारच हाय. आईनं ते काही रागानं म्हटलं नव्हतं. पाऊस येईल, छत्री ने, म्हणावं तसं म्हटलं होतं. त्यामुळं ते धनश्रीच्या जास्तच डोक्यात बसलं होतं.

तर ही पेपरवालीची विद्या काय होती, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचा तमाशा कळायचा नाही. पीकरोगाचा विषय शिकवायला होते गहिनीनाथ वाकचौरे सर. अकोले तालुक्यातले, वयानं तरुण, स्वभावानं गरीब, आणि स्लाइडशिवाय एक वाक्य न बोलणारे. लाईट गेली की सर गप्प. वर्ग सुटला की स्लाइडची फाईल ग्रुपवर टाकायचे आणि चाचणी परीक्षेचा पेपरही तेच काढायचे. धनश्रीची सगळी अक्कल या शेवटच्या गोष्टीवर उभी होती. ती पोरींना बजावायची, की बाहेरचा परीक्षक पेपर काढणार असेल तर माझ्याकडं येऊच नका, पुस्तक वाचा. पण ज्यानं स्लाइड केली त्यानंच पेपर काढायचा असला, तर तो माणूस आपल्या मनातलं स्लाइडीत सांडून ठेवतो. आपण फक्त वेचायचं.

आणि वेचायचं कसं! दोन रकान्यांचा तक्ता दिसला, केवडा रोग एकीकडं आणि भुरी रोग दुसरीकडं, की डोळे झाकून ‘फरक स्पष्ट करा'. एवढा तक्ता आखायचा खटाटोप कुणी उगाच करत नाही. वाक्यात एकच शब्द लाल आणि ठळक असला तर ती रिकामी जागा. मथळ्यात ‘पाच उपाय' असं लिहिलं असलं तर ‘कोणतेही पाच उपाय लिहा', मार्कही पाच. जी गोष्ट सुरुवातीच्या उद्दिष्टांत येते, मध्ये कारण, लक्षणं, उपाय अशा ओळीनं येते आणि शेवटी सारांशातही येते, तो मोठा प्रश्न. उसाचा चाबूक काणी रोग तसा आला होता, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तसं आलं होतं. आणि जी स्लाइड बारीक अक्षरांनी खच्चून भरलेली, ती सरांनी कुठून तरी उचलून डकवलेली. ती सर स्वतःच वाचत नाहीत, मग तपासायला लागेल असं विचारतील कशाला? ती सोडा.

हे असं ऐकलं की पोरी खूश. सोडा म्हटलं तर लईच खूश.

यंदाच्या चाचणीला मात्र धनश्रीला एक घबाड सापडलं होतं. पूर्ण फाईलमध्ये एक स्लाइड चार वेळा आली होती. मथळा ‘भाताचा करपा: निरोगी शेत'. खाली हिरवंगार भाताचं खाचर, मागं डोंगर, वर ढग, आणि कोपऱ्यात पाठमोरी कुणी बाई, डोक्याला रुमाल. बास. धनश्रीची खोलीतली जोडीदारीण सुकन्या म्हणाली, की अगं यात शिकवलंय काय, नुसता फोटोच तर आहे. धनश्रीनं तिला वेड्यात काढलं. चार वेळा! बोर्डो मिश्रणसुद्धा तीनदाच आलं होतं. तिनं पोरींच्या ग्रुपवर अंदाज टाकला त्यात पहिल्या नंबरवर ‘भाताचा करपा, लक्षणे व व्यवस्थापन', आणि पुढं तीन चांदण्या. स्लाइडीत तर उत्तर नव्हतंच, म्हणून पोरींनी पुस्तक धुंडाळलं आणि घोकायला बसल्या. सुकन्या तर मेसमध्ये पोळीवर बोटानं काढून दाखवायची, पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, कडा तपकिरी, मध्यभाग राखाडी. मेसवाल्या रंगुबाईंना वाटलं पोळीत काही निघालं. त्या तिच्यावर चांगल्याच भडकल्या होत्या.

परीक्षेत पेपर हातात पडला आणि धनश्रीला आनंदानं घाम फुटला. फरक स्पष्ट करा, आलं. चाबूक काणी, आली. बोर्डो मिश्रण तयार करताना लोखंडी विळा बुडवून काय पाहतात, तेही आलं. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. हे तर लाल अक्षरांत होतं! एकामागून एक सगळं आलं. फक्त भात नव्हता. पहिला नव्हता, शेवटचा नव्हता, ‘किंवा'मध्येसुद्धा नव्हता.

बाहेर आल्यावर पोरींनी तिला फैलावर घेतलं. सगळं आलं याचं कौतुक कुणाला नाही, भात आला नाही याचा राग सगळ्यांना. माणसाची जातच तशी. सुकन्या म्हणाली की माझ्या डोक्यात आता मरेपर्यंत करपा राहणार. धनश्री मात्र खरंच खंतावली होती. चार वेळा आलेली स्लाइड पेपरात येत नाही म्हणजे काय! तिची विद्याच खोटी ठरली होती.

पण तिला खंत करायला फारसा वेळ मिळाला नाही. तो अंदाजाचा मेसेज पोरींच्या ग्रुपवरून पोरांच्या ग्रुपवर गेला, तिथून एका क्लार्कच्या मोबाईलवर, आणि तिथून थेट प्राचार्यांच्या टेबलावर. प्राचार्य म्हणजे पुष्पावती नवले मॅडम. बाई शिस्तीच्या. कॉलेजच्या आवारात म्हशीसुद्धा त्यांना बघून रस्ता बदलत, असं पोरं म्हणायची. मॅडमनी मेसेज आणि पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि धनश्रीला बोलावणं धाडलं.

केबिनमध्ये वाकचौरे सर आधीच उभे होते. खाली मान, हातात रुमाल. धनश्रीला बघून त्यांनी मान आणखी खाली घातली. मॅडमनी फार आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीचं होतं. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षेच्या आदल्या दिवशीचा मेसेज, आठ प्रश्नांपैकी सात जसेच्या तसे, याचा अर्थ पेपर फुटला. एक तर सरांच्या लॅपटॉपमधून चोरला, नाहीतर सरांनीच दिला. चोरला असेल तर पोरीचं वर्ष बाद, दिला असेल तर सरांची नोकरी बाद. काय ते सांगा.

 वर्ष बाद म्हणजे काय ते धनश्रीला कोल्हापूरपर्यंत दिसत होतं. फड, पाचट, पहाटेची थंडी, डोक्यावर मोळी आणि हातात तो तयार कोयता. पण रडली नाही. ही पोरगी तशी चिवट.

“मॅडम, मला पेपर मिळाला असता तर मी पहिलाच प्रश्न चुकीचा सांगितला असता का?” ती म्हणाली. “तीन चांदण्या देऊन? पोरी मला दोन दिवस खातायत त्याच्यावरून.”

मॅडम म्हणाल्या, शहाणी चोर असशील, मुद्दाम एक चुकवला असशील.  खरं बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, पुरावा नेमका चोराच्याच सोयीचा निघतो. धनश्रीनं मग आपली विद्या सांगितली, लाल अक्षरं, तक्ते, उद्दिष्टं, सारांश, सगळं. सांगता सांगता तिची भीती जराशी पातळ झाली, कारण विषय तिच्या आवडीचा होता. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू भर रस्त्यात कुणी आपल्याच खिशातल्या वस्तू मोजून दाखवाव्यात.

मॅडमना अर्थातच पटलं नाही. त्या म्हणाल्या की असं असेल तर करून दाखव. त्या स्वतः तिसऱ्या वर्षाला कृषी विस्तार शिकवत. धनश्री दुसऱ्या वर्षाला, तो विषय तिनं पाहिलासुद्धा नव्हता. त्यांच्या चाचणीचा पेपर पाकिटात बंद, कपाटात, आणि कपाटाची चावी मॅडमच्या पर्समध्ये. त्यांनी आपला लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, “सांग. चुकलीस तर मी पुढचं ऐकणार नाही.”

धनश्रीनं पदर नसतानाही पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. पहिल्या नजरेत तिला काहीच सापडेना. मॅडमच्या स्लाइडीत लाल रंग नव्हता. ठळक अक्षरही नव्हतं. सगळं काळं, सरळ, शिस्तीत. मॅडमसारखंच. ती पुढं गेली, परत मागं आली, परत पुढं गेली. वाकचौरे सरांनी एवढ्यात दोनदा घाम पुसला.

मग तिला एकदम कळलं, की प्रत्येक माणूस जोर वेगळ्या तऱ्हेनं देतो. सर रंगानं देतात, मॅडम प्रश्नानं देतात. बाकीचे मथळे साधे होते, पण काही मथळ्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. शेतकरी नवीन तंत्र का स्वीकारत नाहीत? प्रात्यक्षिक कसे घ्यावे? अरे, मॅडम तर पेपरच लिहून बसल्यात! धनश्रीच्या अंगात वारं शिरलं. हे दोन येणारच, ती म्हणाली. तंत्र स्वीकारण्याच्या पायऱ्या सुरुवातीच्या उद्दिष्टांत आहेत, मध्ये आकृतीसकट आहेत, शेवटच्या सारांशात परत आहेत, हा मोठा प्रश्न, आकृती काढा असंही असणार. गटचर्चा आणि मेळावा यांचा तक्ता आहे, म्हणजे फरक. आणि विस्तार शिक्षणाच्या इतिहासाची ही स्लाइड, ही येणार नाही.

“का येणार नाही?” मॅडम एकदम म्हणाल्या.

धनश्री अडखळली. खरं सांगावं की नको? पण आता तोंडातून निघून गेलं होतं. “मॅडम, ही पुस्तकातनं उचललेली हाय. अक्षर बारीक हाय. ही तुम्ही वर्गात पटकन पुढं ढकलत असणार.”

वाकचौरे सरांना ठसका लागला.  मॅडमनी पर्समधून चावी काढली, कपाट उघडलं, पाकीट फोडलं आणि पेपर वाचला. मग परत वाचला. इतिहासावर एक रिकामी जागा होती, एका मार्काची, तेवढं धनश्रीचं चुकलं. बाकी सगळं होतं. आकृतीसकट.

  मॅडम खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या की मला हा पेपर आता पुन्हा काढावा लागणार. त्यांच्या तोंडून हे असं निघालं, की ते रागानं म्हटलं की कौतुकानं ते धनश्रीला ठरवता येईना. पण मॅडम तपासाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, एवढं अचूक वाचतेस, तर मग भाताचं कसं चुकलं? तेवढं सांग, आणि जा.

खरं म्हणजे तिथं ‘चुकलं मॅडम' म्हणून सुटता आलं असतं. पण धनश्रीला तोच काटा दोन दिवस रुतत होता. तिनं सरांची फाईल उघडायला मागितली आणि चारी जागा पुन्हा पाहिल्या. आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. उद्दिष्टांत भात नव्हता. सारांशात भात नव्हता. आधी कारण नाही, नंतर उपाय नाहीत. सरांना जे विचारायचं असतं त्याचं उत्तर स्लाइडीत असतं, आणि इथं तर पोरींना पुस्तक उघडावं लागलं होतं! तिनं नुसतं किती वेळा ते मोजलं, कुठं ते पाहिलंच नाही. ही स्लाइड कुठल्या धड्यातली नव्हतीच. प्रत्येक वेळी ती एखादा किचकट भाग संपल्यावर मध्येच उगवत होती. बुरशींचं वर्गीकरण संपलं की भात. औषधांचं प्रमाण संपलं की भात.

“मॅडम, माझी चूक झाली,” धनश्री म्हणाली. “ही पेपरसाठी न्हाईच. पण चार वेळा कुणी उगाच टाकत नसतं. सर, ही तुम्ही कशाला टाकलीत?”

तिनं हे अगदी भाबडेपणानं विचारलं होतं, नुसतं शिकायला म्हणून. पण वाकचौरे सर असे लाल झाले, की त्यांच्या कुठल्याच स्लाइडीत तेवढं लाल अक्षर नव्हतं. आधी म्हणाले, वर्गाला जरा विसावा. मॅडम म्हणाल्या, विसाव्याला चार वेळा एकच शेत कशाला? मग म्हणाले, आमच्या गावाकडचं खाचर आहे, भंडारदऱ्याजवळचं. मॅडम म्हणाल्या, आणि ही बाई? सरांनी रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“मॅडम, त्या अश्विनी,” ते म्हणाले. “आमचं जमलंय. घरी अजून बोलणी चाललीत. वर्गीकरण शिकवून झालं की मी तिथं थांबून जरा पाणी पितो.”

 पुष्पावती नवले मॅडम हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हातसुद्धा काढून. धनश्रीला हसू आवरेना, तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. कोल्हापूरचा फड, कोयता, मोळी, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून भुर्रकन उडालं आणि तिला एवढं हलकं वाटलं की खुर्चीवरून उठताना टेबलाचा कोपरा लागला तरी कळलं नाही. आपण बरोबर वाचलं होतं! माणसाच्या मनात जे असतं तेच पुन्हा पुन्हा वर येतं. फक्त सरांच्या मनात त्या वेळी परीक्षा नव्हती.

मॅडमनी डोळे पुसले आणि परत प्राचार्य झाल्या. चोरीबिरी काही नाही, असा त्यांनी तिथंच निकाल दिला. पण पोरांना अंदाज उशिरा कळला आणि पोरींना आधी, हे न्यायाचं नव्हे. म्हणून पेपर परत होणार, येत्या सोमवारी, आणि आधी विचारलेला एकही प्रश्न त्यात असता कामा नये. सरांना बजावलं की आता जरा जपून. सर मान डोलावत बाहेर पडले ते भिंतीला धरून धरून.

हॉस्टेलात बातमी पोचली आणि जो काही गोंधळ माजला तो विचारू नका. भाताच्या खाचरातली अश्विनी सगळ्यांनी मोबाईलवर मोठी करकरून पाहिली. रंगुबाईंनीसुद्धा पाहिली आणि पाठीवरनं पोरगी कष्टाची दिसतीय असा शेरा मारला. मग हळूहळू पोरींच्या ध्यानात आलं, की पेपर परत आहे आणि सगळा अंदाज आता वाया. सगळ्या धनश्रीच्या दारात.

धनश्रीनं फाईल उघडलीसुद्धा नाही. ती म्हणाली, बाकीचं पुस्तकातनं वाचा, या वेळी सर दडवूनच विचारणार. लाल अक्षरांकडं ते बघणारही नाहीत. पण पहिला प्रश्न भाताचा करपा. तीन नाही, पाच चांदण्या घ्या.

पोरी तिच्यावर तुटून पडल्या. एकदा तोंडावर आपटलीस तरी तेच! आता तर सगळ्या कॉलेजला कळलंय, सर त्या स्लाइडीचं नावसुद्धा काढणार नाहीत. सुकन्या म्हणाली, की धने, तुझं डोकं फिरलंय. धनश्री म्हणाली, “अगं, आता स्लाइडीत न्हाई बघायचं. जी त्या माणसाच्या मनात चार वेळा लपून बसली हुती, तिचं नाव त्यानं मॅडमसमोर घेतलंय. आता त्याला दुसरं काय सुचणार हाय?”

कुणाला पटलं नाही. पण करपा सगळ्यांना आधीच पाठ होता, विसरायचा म्हटला तरी विसरत नव्हता, त्यामुळं भांडणात अर्थ नव्हता.

सोमवारी वर्गात वाकचौरे सर स्वतः पेपर वाटायला आले. नवा शर्ट, केसांना पाणी. पोरींच्या ओळीकडं बघायचं टाळून पेपर देत होते, तरी कानाच्या पाळ्या रंगल्या होत्याच. धनश्रीनं आपला पेपर उलटा घेतला, देवाचं नाव घेतलं आणि सुलटा केला.

प्रश्न पहिला. भाताचा करपा: लक्षणे व व्यवस्थापन सविस्तर लिहा. गुण दहा.

मागच्या बाकावरून सुकन्याच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली आणि सगळा वर्ग खुदकन हसला. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. धनश्रीनं पेनचं टोपण काढलं आणि पानावर सगळ्यात आधी डोळ्याच्या आकाराचा ठिपका काढला, कडा तपकिरी, मध्यभाग राखाडी. आनंदाच्या घाईत तो जरा वाकडा आला.